प्रवासखर्चाची नियमावली नव्याने लिहिताना : मर्यादा, पावत्या आणि मुदत

मावळ तालुक्यातील वराळे हे गाव तळेगाव दाभाडे रेल्वे स्थानकाला जवळ पडते. आंबी, नवलाख उंबरे आणि तळेगाव-चाकण रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा याच परिसरातला. येथील लहान-मध्यम कारखान्यांतून तयार झालेले यंत्र नागपूर, कोल्हापूर किंवा हैदराबादला ग्राहकाकडे पोहोचले, की त्याच्यामागोमाग ते बसविणारा आणि दुरुस्त करणारा माणूसही जातो. तो स्वतःच्या खिशातून तिकीट काढतो, लॉजमध्ये राहतो, रिक्षाने फिरतो आणि परत आल्यावर त्या पैशांची मागणी कंपनीकडे करतो. ही मागणी कोणत्या नियमाने मान्य किंवा अमान्य होते, हे त्याला प्रवासाला निघण्यापूर्वी ठाऊक असते का? बहुतेक ठिकाणी नसते. नियमावली असते, पण तिच्यातून रक्कम काढता येत नाही.

अशा नियमावलीचे फेरलेखन कसे करावे, हे समजून घेण्यासाठी वराळ्याजवळच्या ऐंशी कर्मचाऱ्यांच्या एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. हा कारखाना कल्पित आहे. मात्र त्याच्या जुन्या नियमावलीतले पुढील कलम अनेकांना ओळखीचे वाटेल : ‘कामानिमित्त बाहेरगावी गेलेल्या कर्मचाऱ्यास वाजवी प्रवास व निवास खर्च मूळ पावत्या सादर केल्यावर मंजूर केला जाईल. देयके प्रवासानंतर शक्य तितक्या लवकर सादर करावीत. उशिरा आलेल्या देयकांबाबतचा निर्णय व्यवस्थापनाच्या अधीन राहील.’

तीनच वाक्ये आहेत आणि वाचताना त्यांत काही चुकीचे दिसत नाही. परंतु नागपूरला निघालेल्या माणसाने हे कलम हाती घेतले, तर त्याला कशाचेच उत्तर मिळत नाही. किती भाड्याची खोली ‘वाजवी’? रिक्षावाला पावती देत नाही, मग ‘मूळ पावती’ कोठून आणायची? ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे आठ दिवस की महिना? ‘मंजूर केला जाईल’, पण कोण करील आणि पैसे कधी मिळतील? नियमाने न दिलेली ही उत्तरे शेवटी लेखा विभागातला लिपिक देतो, आणि तीही खर्च होऊन गेल्यानंतर. एकाच प्रकारचा खर्च एका महिन्यात मान्य आणि पुढच्या महिन्यात अमान्य होतो, तो यामुळे. त्यात लिपिकाचा दोष नसतो. नियम लिहिणाऱ्याने आपले काम त्याच्यावर ढकललेले असते.

म्हणून फेरलेखनाची कसोटी एकच ठेवावी. कर्मचाऱ्याला प्रवासाला निघण्यापूर्वी, कोणालाही न विचारता, आपल्याला जास्तीत जास्त किती रुपये मिळतील, त्यासाठी कोणता कागद लागेल आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत हातात येतील, हे स्वतः काढता आले पाहिजे. ज्या शब्दामुळे ते काढता येत नाही, तो शब्द बदलला पाहिजे.

सरकारी नियमांपासून घेण्यासारखे

सरकारी कागदपत्रांची भाषा क्लिष्ट असते, हे खरे. तरीही प्रवास भत्त्याच्या बाबतीत खाजगी कंपन्यांनी केंद्र सरकारच्या नियमांकडे एकदा पाहावे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ रोजी या संबंधीचा आदेश काढला. त्यात वेतनस्तरानुसार निवास, शहरांतर्गत प्रवास आणि भोजन अशा तीन स्वतंत्र मर्यादा आकड्यांत दिल्या. उदाहरणार्थ, सहाव्या ते आठव्या स्तरातील कर्मचाऱ्यासाठी निवासाला दिवसाला ७५० रुपये, शहरातील प्रवासाला २२५ रुपये आणि भोजनाला ८०० रुपये. तर नवव्या ते अकराव्या स्तरासाठी हेच आकडे अनुक्रमे २,२५०, ३३८ आणि ९०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की मर्यादा २५ टक्क्यांनी वाढावी, अशीही तरतूद त्यात आहे.

आकडे पुरेसे होते की अपुरे, हा वेगळा वाद. येथे पाहण्यासारख्या गोष्टी दोन. भोजनाच्या रकमेसाठी पावत्या मागण्याची पद्धतच या आदेशाने बंद केली आणि मुख्यालयापासून किती तास दूर राहिलात, यावर रक्कम ठरविली : सहा तासांपेक्षा कमी असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तास असेल तर ७० टक्के आणि बारा तासांहून अधिक असेल तर पूर्ण. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजायचा, हेही सांगितले. दुसरी गोष्ट अशी, की आठव्या स्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यांना निवासाच्या खर्चासाठी पावतीऐवजी स्वयंघोषणा चालते; मात्र तिच्यात राहिल्याचा कालावधी आणि राहण्याच्या जागेचे नाव स्पष्ट लिहावे लागते. म्हणजे विश्वास ठेवला, पण माहिती सोडली नाही.

मुदतीबाबतही सरकारला फेरलेखन करावे लागले. प्रवासाचे देयक सादर करण्यासाठी पूर्वी एक वर्षाची मुदत होती. मार्च २०१८ मध्ये ती प्रवास पूर्ण झाल्याच्या तारखेनंतर ६० दिवसांवर आणली गेली. निवृत्तीनंतर बिऱ्हाड हलविणाऱ्यांना मात्र साठ दिवस पुरत नाहीत, असे दिसून आल्यावर २०२१ मध्ये तेवढ्या प्रकारासाठी मुदत १८० दिवसांची करण्यात आली. मुदत ठरविताना तो प्रवास कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे लागते, हा धडा त्यातून मिळतो.

मर्यादा : ‘वाजवी’च्या जागी रुपये

आपल्या कल्पित कारखान्याकडे परत येऊ. ‘वाजवी’ हा शब्द काढून त्याच्या जागी आकडा घालायचा, तर तो आणायचा कोठून? लेखा विभागातल्या मागील बारा महिन्यांच्या व्हाउचरांच्या फायली काढाव्यात. ज्या शहरांना माणसे वारंवार जातात, त्या प्रत्येक शहराची हॉटेलची बिले कमीकडून जास्तीकडे अशी ओळीने लावावीत. बिले चाळीस असतील तर तिसाव्या बिलाच्या आसपासची रक्कम मर्यादा म्हणून धरावी. म्हणजे चारांपैकी तीन मुक्काम मर्यादेत बसतात. अनेक जण येथे सरासरी काढतात आणि फसतात. सरासरीची मर्यादा ठेवली, तर निम्म्याच्या आसपास मुक्काम पहिल्याच दिवसापासून मर्यादेबाहेर जातात. मग प्रत्येक देयकाला ‘विशेष मंजुरी’ जोडली जाते आणि अपवाद हाच नियम होऊन बसतो.

आकडा लिहिताना तो कशाचा आहे, हे त्याच वाक्यात सांगावे. निवासाची मर्यादा ‘दिवसाला’ लिहिली, तर सकाळी पोहोचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणाऱ्याचे दिवस दोन होतात आणि रात्र एक. म्हणून तेथे ‘प्रत्येक रात्रीला’ असे लिहावे. ही मर्यादा करासह की कराव्यतिरिक्त, हेही सांगावे. १,८०० रुपयांच्या मर्यादेत १,८०० रुपये भाड्याची खोली घेणाऱ्याला वर ९० रुपये कर पडतो. ते नव्वद रुपये कोणाचे, यावर निष्कारण वाद होतात. खोली दोघांनी मिळून घेतली, तर मर्यादा खोलीला की माणसाला, याचेही उत्तर एका वाक्यात देता येते.

स्वतःच्या मोटारसायकलने चाकणला ग्राहकाकडे जाणाऱ्यासाठी किलोमीटरचा दर दिला, तरी अंतर कोठून मोजायचे हा प्रश्न उरतो. घरून थेट गेल्यास घरापासूनचे अंतर आणि कारखान्यापासूनचे अंतर, यांपैकी जे कमी असेल ते धरावे, असे लिहिले की प्रश्न मिटतो.

मर्यादा ओलांडली तर काय, हेही याच कलमात यावे. दोनच मार्ग ठेवावेत. एक, प्रवासापूर्वी विभागप्रमुखाची लेखी परवानगी. ती मोबाइलवरील संदेशानेही चालेल, पण खर्चापूर्वीची हवी. दुसरा, वरची रक्कम कर्मचाऱ्याने सोसायची. ‘अपवादात्मक परिस्थितीत विचार केला जाईल’ हा तिसरा मार्ग ठेवला, की ‘वाजवी’ हा शब्द मागच्या दाराने परत येतो. शहरात मोठे प्रदर्शन किंवा यात्रा असल्यामुळे खोल्या महागल्या असतील, तर पहिला मार्ग पुरेसा असतो.

पावत्या : ‘मूळ पावती’ आता कशाला म्हणायचे?

जुन्या नियमावल्यांतला सर्वांत कालबाह्य भाग पावत्यांचा आहे. ‘मूळ पावती’ ही कल्पना कागदी पावतीच्या काळातली. रेल्वेचे ई-तिकीट कितीही वेळा छापता येते. त्यातले मूळ कोणते आणि नक्कल कोणती? द्रुतगती मार्गावर फास्टॅगमधून टोल कापला जातो, तेव्हा हाती कागदच पडत नाही. एप्रिल २०२५ पासून राज्यातील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तरीही ‘टोलची मूळ पावती जोडावी’ हे वाक्य नियमावलीत तसेच असेल, तर त्याचे पालन करणे कोणालाही शक्य नाही. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना टोल माफ आहे. ज्या कंपन्या ‘मुंबई फेरी’ची ठोक रक्कम देतात, त्यांनी तिच्यात तो जुना टोल अजून धरला आहे का, हेही पाहून घ्यावे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक खर्चासाठी कोणता पुरावा चालेल, हे नावानिशी लिहिणे. रेल्वे व बससाठी तिकीट, त्यावरील पीएनआर किंवा तिकीट क्रमांकासह. टोलसाठी फास्टॅग खात्याचा उतारा, ज्यावर नाक्याचे नाव, तारीख आणि वेळ असते. हॉटेलसाठी बिल क्रमांक, राहिल्याच्या तारखा आणि पाहुण्याचे नाव असलेले बिल. एकच बिल दोनदा सादर होऊ नये, म्हणून तर ‘मूळ’ कागद मागितला जात असे. आता ते काम क्रमांक करतो. पीएनआर आणि बिल क्रमांक नोंदवहीत चढविला, की तोच क्रमांक पुन्हा आल्यास लगेच कळते.

मोबाइलवरून पैसे दिल्याची पडद्यावरील नोंद पुरावा म्हणून चालेल का, हा प्रश्न हल्ली नेहमी निघतो. त्या नोंदीवरून पैसे कोणाला आणि किती दिले, एवढेच समजते; कशासाठी दिले, हे समजत नाही. म्हणून हॉटेलसारख्या मोठ्या खर्चाला तिच्यासोबत बिल हवेच. रिक्षासाठी मात्र तीच नोंद पुरेशी मानावी, कारण तेथे बिल मिळतच नाही.

हॉटेलच्या बिलाबाबत आणखी एक गोष्ट कर्मचाऱ्यांना सांगितली जात नाही. हॉटेल महाराष्ट्रात असेल आणि बिलावर कंपनीचे नाव व जीएसटी क्रमांक असेल, तर त्यावरील कराची वजावट कंपनीला मिळू शकते. हॉटेल हैदराबादचे असेल, तर तेथील कर तेलंगणाचा असतो आणि केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे ‘जीएसटी क्रमांक नसलेले बिल फेटाळले जाईल’ असा सरसकट नियम करण्यात अर्थ नाही. ‘महाराष्ट्रातील हॉटेलात उतरताना कंपनीचे नाव व जीएसटी क्रमांक द्यावा, तो क्रमांक या पत्रकाच्या माथ्यावर छापला आहे’ असे लिहिणे अधिक उपयोगी. क्रमांक विसरला म्हणून कंपनीचे नुकसान होते ते करापुरते. त्यासाठी कर्मचाऱ्याचे पूर्ण भाडे अडविणे योग्य नव्हे.

पावती मिळतच नाही, अशा खर्चांसाठी स्वयंघोषणेचा छोटा तक्ता ठेवावा. तारीख, कोठून, कोठे, वाहन आणि रक्कम असे पाच रकाने पुरतात. त्याला दिवसाची मर्यादा असावी. पावती होती पण हरवली, हा प्रकार वेगळा. त्यासाठी स्वतंत्र वाक्य हवे, नाही तर स्वयंघोषणा हा पावती टाळण्याचा मार्ग ठरतो. बसच्या यंत्रातून निघणारी आणि अनेक दुकानांतील पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. पाकिटात आठवडाभर राहिली, की तिच्यावरील अक्षरे पुसट होतात आणि लिपिकाच्या हाती कोरी पट्टी पडते. ‘पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, ते मूळ पावतीइतकेच ग्राह्य’ या एका वाक्याने निम्मी भांडणे टळतात.

मुदत : दोन्ही बाजूंना

‘शक्य तितक्या लवकर’ याच्या जागी ‘१५ दिवसांच्या आत’ लिहिले, की काम झाले असे वाटते. पण मराठीत लिहिताना येथे काही खाचखळगे आहेत. दिवस कॅलेंडरचे की कामाचे? ते कधीपासून मोजायचे. बिलाच्या तारखेपासून, प्रवास संपल्यापासून की कामावर पुन्हा हजर झाल्यापासून? ‘१५ तारखेपर्यंत’ यात पंधरा तारीख धरायची की नाही? ‘सादर करावीत’ हा सल्ला की सक्ती? यांपैकी प्रत्येक प्रश्नावर एखादे देयक अडकलेले असते.

म्हणून तारीख मोजण्याची रीत उदाहरणासह लिहावी : ‘प्रवासावरून परत आल्याच्या दुसऱ्या दिवसाला पहिला दिवस धरावा. सुट्ट्या धरून पंधराव्या दिवशी कार्यालय बंद होण्यापूर्वी देयक लेखा विभागात पोहोचले पाहिजे. पंधरावा दिवस सुटीचा असल्यास पुढील कामाचा दिवस चालेल. उदाहरणार्थ, ५ तारखेला परत आल्यास शेवटचा दिवस २० तारीख.’ जो माणूस दोन-दोन महिने ग्राहकाच्या गावीच असतो, त्याने परत येईपर्यंत थांबायचे, तर महिन्याच्या पगाराएवढी रक्कम त्याच्या खिशातून जाते. त्याला प्रत्येक महिन्याअखेर देयक पाठविण्याची सोय द्यावी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. त्या सुमारास प्रवासात असणाऱ्यांसाठी मार्चपर्यंतच्या खर्चाचे देयक वेगळे करावे, हेही लिहून ठेवावे.

जुन्या नियमावलीत सहसा एकच मुदत असते, ती कर्मचाऱ्याची. कंपनीवर कोणतीच मुदत नसते. कर्मचारी पंधरा दिवसांत देयक देतो आणि ते विभागप्रमुखाच्या टेबलावर महिनाभर पडून राहते. येथे भाषेचाही हात असतो. ‘मंजूर केले जाईल’, ‘अदा करण्यात येईल’ अशी कर्ता नसलेली वाक्ये जबाबदारी कोणाकडेच ठेवत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक वाक्याला कर्ता द्यावा : ‘विभागप्रमुख तीन कामाच्या दिवसांत देयकावर सही करील किंवा हरकत लेखी कळवील. त्यानंतर सात कामाच्या दिवसांत लेखा विभाग रक्कम कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा करील. एखाद्या बाबीवर हरकत असल्यास तेवढी रक्कम बाजूला ठेवून उरलेली रक्कम वेळेत देईल.’ यातले शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे. दोनशे रुपयांच्या रिक्षावरून सात हजारांचे देयक अडविले जाते, ते हे वाक्य नसल्यामुळे.

मुदत टळली तर काय, याचेही एकच निश्चित उत्तर असावे. रक्कम कायमची बुडेल, असे लिहिणारे कडक वाटतात. पण पहिल्याच आजारपणात त्यांना स्वतःचा नियम मोडावा लागतो, आणि एकदा मोडलेला नियम पुढे कोणी मानत नाही. पंधरा दिवसांनंतर साठ दिवसांपर्यंत आलेले देयक विभागप्रमुखाने लेखी कारण मान्य केल्यास स्वीकारावे आणि साठ दिवसांनंतर स्वीकारू नये, अशी दोन पायऱ्यांची रचना टिकाऊ ठरते. उचल घेतलेल्या कर्मचाऱ्याचे देयक मुदतीत आले नाही, तर ती उचल कोणत्या महिन्याच्या पगारातून वळती होईल, हेही येथेच सांगावे.

एका प्रवासाचा हिशेब

आता नव्या नियमांनी एक प्रवास मोजून पाहू. मर्यादा अशा धरू : निवास प्रत्येक रात्रीला १,८०० रुपये, त्यावरील कर वेगळा, भोजन पूर्ण दिवसाला ६०० रुपये, पावतीविना, केंद्राच्या आदेशाप्रमाणे तासांवर, स्थानिक प्रवास दिवसाला २५० रुपयांपर्यंत, स्वयंघोषणेवर, रेल्वेने तृतीय श्रेणी वातानुकूलित, तिकिटाप्रमाणे.

दुरुस्ती विभागातील एक कर्मचारी सोमवारी दुपारी चार वाजता वराळ्याहून निघतो. रिक्षाने तळेगाव स्थानक, तेथून लोकलने पुणे आणि रात्रीच्या गाडीने नागपूर. मंगळवारी आणि बुधवारी काम करून बुधवारी संध्याकाळी तो नागपूर सोडतो व गुरुवारी सकाळी अकरा वाजता वराळ्यास परततो. मंगळवारची एक रात्र तो हॉटेलात राहतो. निघण्यापूर्वी त्याने ६,००० रुपयांची उचल घेतली आहे.

भोजनाचा हिशेब आधी पाहू. सोमवारी दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत आठ तास होतात, म्हणून ७० टक्के, म्हणजे ४२० रुपये. मंगळवार व बुधवार पूर्ण दिवस, प्रत्येकी ६०० रुपये. गुरुवारी मध्यरात्रीपासून अकरापर्यंत अकरा तास, पुन्हा ४२० रुपये. एकूण २,०४० रुपये. यासाठी एकही पावती लागली नाही आणि उपाहारगृहातल्या बिलात चहा किती आणि सिगारेट किती, हे कोणाला तपासावे लागले नाही.

हॉटेलचे भाडे १,९५० रुपये आणि त्यावर पाच टक्के कर ९७ रुपये ५० पैसे, असे २,०४७ रुपये ५० पैसे त्याने दिले. मर्यादा १,८०० रुपयांची, तेवढ्यावरचा कर ९० रुपये. म्हणून १,८९० रुपये मान्य होतात आणि १५७ रुपये ५० पैसे त्याने स्वतः सोसायचे. हे त्याला खोली घेतानाच माहीत होते, हा जुन्या आणि नव्या नियमांतला फरक. रेल्वेची जाण्यायेण्याची तिकिटे २,९०० रुपयांची आहेत. स्थानिक प्रवासाच्या तक्त्यात सोमवारी रिक्षा व लोकल मिळून ११५, मंगळवारी १८०, बुधवारी २३० आणि गुरुवारी ११५ रुपये अशी नोंद आहे. चारही दिवस मर्यादेच्या आत असल्याने ६४० रुपये मान्य.

एकूण मान्य रक्कम २,९०० अधिक १,८९० अधिक २,०४० अधिक ६४०, म्हणजे ७,४७० रुपये. उचल ६,००० रुपये वजा जाता कंपनीने त्याला १,४७० रुपये द्यायचे. देयकासोबत कागद लागले चार : दोन तिकिटे, हॉटेलचे बिल आणि स्वयंघोषणेचा तक्ता. जुन्या कलमाने हाच हिशेब कोणी केला असता, तर ७,४७० हा आकडा निघाला असता की नाही, हे सांगता येत नाही; दोन लिपिकांनी दोन आकडे काढले असते, एवढे मात्र नक्की.

अमलात आणण्यापूर्वी

नव्या नियमावलीचा मसुदा मान्यतेसाठी वर पाठविण्याआधी खाली पाठवावा. वरच्यासारखा एक प्रवास कागदावर मांडून तो तिघांना द्यावा : नेहमी दौऱ्यावर जाणारा एक, नुकताच कामाला लागलेला एक आणि लेखा विभागातला एक. तिघांनी एकमेकांशी न बोलता मसुद्यावरून रक्कम काढावी. आकडे तीन निघाले, तर ज्या बाबीत फरक पडला ते कलम पुन्हा लिहावे. ‘समजले का?’ असे विचारण्याचा उपयोग नसतो. त्यावर सगळेच होकार देतात.

नियमावली मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असेल, तर कलमांचे क्रमांक सारखे ठेवावेत आणि दोहोंत तफावत आढळल्यास कोणता पाठ ग्राह्य, हे सांगावे. कारखान्यात मराठी पाठ वाचला जातो आणि लेखा विभाग इंग्रजी पाठावरून निर्णय देतो, अशी स्थिती असेल, तर कर्मचाऱ्याने वाचलेला नियम त्याला लागूच होत नाही. नवे नियम कोणत्या प्रवासांना लागू, हेही लिहावे. ‘१ तारखेला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्रवासांना’ असे म्हटले, की महिन्याच्या सीमेवरच्या प्रवासांचा गोंधळ होत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या हरकतींची यादी लेखा विभागाने कलमवार ठेवावी. एकाच कलमावर पुन्हा पुन्हा हरकती येत असतील, तर कर्मचारी निष्काळजी आहेत असे मानण्यापूर्वी ते कलम उघडून वाचावे. वराळ्याहून निघणाऱ्या माणसाने रिक्षात बसण्याआधी आपला हिशेब मांडून पाहावा आणि परत आल्यावर बँक खात्यात तोच आकडा दिसावा. तसा तो दिसला, तरच फेरलेखन पूर्ण झाले असे म्हणता येईल.